पुरवठादाराचा उतारा: बाकी जुळवायची की बिलं?

पुरवठादाराकडून खाते उतारा आला की तो दोन पद्धतींनी जुळवता येतो. एक म्हणजे दोन्ही वह्यांतली शेवटची बाकी समोरासमोर ठेवून फरक शोधायचा. दुसरी म्हणजे प्रत्येक बिलापुढे त्याचं पेमेंट, क्रेडिट नोट, अ‍ॅडव्हान्स लावत जायचं आणि उरलेलं मोजायचं. पहिलीला तासाभराच्या आत निकाल लागतो, दुसरीला दिवस जाऊ शकतो. म्हणून बहुतेक दुकानांत पहिलीच चालते. तिचं कुठे भागतं आणि कुठे फसतं, ते एका हिशोबावरून बघू.

समजा, चोपड्याचा एक पाइप विक्रेता जळगाव एमआयडीसीतल्या कारखान्याकडून माल उचलतो. आखाजीच्या सुमारास दर बांधून घ्यायला त्याने १,००,००० रुपये अ‍ॅडव्हान्स भरला. मग मृगबागेच्या हंगामात बिलं येत गेली. ३० सप्टेंबरला विक्रेत्याच्या वहीत कारखान्याचं देणं ३,२४,५०० दिसतं, कारखान्याच्या उताऱ्यात येणं ३,१२,७००. फरक ११,८०० रुपये.

बाकी जुळवणारा माणूस इथे म्हणतो, एवढ्या उलाढालीत अकरा हजार म्हणजे दरफरक असेल, टाका खर्चात. खरं तर यात दोन चुका एकमेकींना झाकून बसल्या आहेत. कारखान्याने योजनेची ३५,४०० ची क्रेडिट नोट काढली, ती विक्रेत्याच्या वहीत चढलीच नाही. उलट, फुटका माल परत गेला त्याची २३,६०० ची डेबिट नोट विक्रेत्याने टाकली, पण कारखान्याने त्यावर क्रेडिट नोट दिलेली नाही. ३५,४०० वजा २३,६००, बरोबर ११,८००. आपल्या बाकीतून पहिली वजा करा, त्यांच्या बाकीतून दुसरी वजा करा, दोन्हीकडे २,८९,१०० येतात. खरं देणं हे. फरक लहान आहे म्हणून चूक लहान, असं धरून चालू नये.

या क्रेडिट नोटेवर जीएसटी लावलाय का, ते आधी बघा. लावला असेल तर ३५,४०० मधले ५,४०० इनपुट क्रेडिटमधून उलटवावे लागतात आणि ती नोट GSTR-2B मध्ये दिसायला हवी. बिनजीएसटीची असेल तर क्रेडिट उलटवायचं नाही. परत गेलेल्या मालाचं घोंगडं मात्र भिजत ठेवू नका: करासकट क्रेडिट नोट दाखवून पुरवठादाराला आपला कर कमी करायचा असेल, तर पुढच्या आर्थिक वर्षाच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक रिटर्न भरेपर्यंत, यातलं जे आधी येईल तेवढीच मुदत असते.

आता अ‍ॅडव्हान्स. तो दोन्ही वह्यांत आहे, त्यामुळे बाकीच्या जुळवणीत त्याचा फरक येणारच नाही, आणि अडचण तिथेच आहे. तो कुठल्याच बिलाला लावलेला नसतो. कारखान्याचा वसुलीवाला येतो तो फक्त उघड्या बिलांची यादी घेऊन. त्या यादीची बेरीज ४,४८,१००. विक्रेत्याने ती डोळे झाकून भरली तर अ‍ॅडव्हान्स आणि दोन्ही नोटा धरून १,५९,००० जास्त गेले. शिवाय जूनचं बिल डिसेंबरात १८० दिवस न भरलेलं दिसायला लागतं, आणि तेवढ्या दिवसांत पैसे न दिल्यास इनपुट क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. पैसे तर मे महिन्यातच गेलेत, पण कागदावर ते दाखवता येत नाही.

टॅलीत हे सोडवणं फार अवघड नाही. पुरवठादाराच्या खात्यात `Maintain balances bill-by-bill` ला `Yes` करा. पेमेंट टाकताना `On Account` निवडलं की गुंता तिथेच सुरू होतो. आगाऊ रकमेला `Advance` आणि बिलाच्या पेमेंटला `Agst Ref` द्या. जुना अ‍ॅडव्हान्स लोंबकळत असेल तर जर्नलमध्ये तोच पुरवठादार दोन्ही बाजूंना घ्या: नावे बाजूला बिलाचा संदर्भ, जमा बाजूला अ‍ॅडव्हान्सचा. खात्याची बाकी हलत नाही, बिल मात्र मिटतं. कुठलं बिल मिटवायचं हे कारखान्याला विचारूनच ठरवा. तुम्ही सगळ्यात जुनं बिल धरलं आणि त्यांनी ज्या ऑर्डरचा अ‍ॅडव्हान्स तिचंच बिल धरलं, तर बाकी जुळूनही दोन्ही याद्या कायम वेगळ्या राहतील.

मग कोणी काय निवडावं? वर्षाला दहा-पंधरा बिलं, रोखठोक पेमेंट, योजना नाही, अ‍ॅडव्हान्स नाही, अशा पुरवठादाराला बाकीची जुळवणी पुरते. तिथे बिलं लावत बसणं वेळ घालवणं आहे. योजनेच्या नोटा आणि हंगामाचा अ‍ॅडव्हान्स असलेल्या खात्याला माझ्या मते बिलवारच हवं, तेही दर महिन्याला. मार्चात एकदम बसलात तर कोणती नोट कोणत्या मालाची, हे सांगणारा कारखान्यातला माणूसही आठवत बसतो.

कारखान्याला उतारा मागताना नुसता खाते उतारा मागू नका. उघड्या बिलांची यादी आणि न लावलेल्या जमा रकमांची यादी, दोन्ही एकाच तारखेच्या मागा. यादीतून खात्यातली न लावलेली जमा वजा केली की खात्याची बाकी यायला हवी. वरच्या उदाहरणात ४,४८,१०० मधून अ‍ॅडव्हान्स आणि ३५,४०० गेले की ३,१२,७०० येतात. एवढं त्यांच्याच कागदांवर जुळत नसेल, तर आपल्या वहीत हात घालण्याआधी त्यांना फोन करा.