आमच्या स्कोअरकार्डवर पहिला आलेला पुरवठादार

ज्या पुरवठादाराने आम्हाला फसवलं, त्याचे गुण आमच्या यादीत सगळ्यांत जास्त होते. हे आधीच सांगून टाकतो, कारण मार्क लिहायला लागलं की लबाड माणूस आपोआप खाली घसरतो असं समजून बरेच लहान वर्कशॉपवाले एक्सेल शीट बनवतात आणि निर्धास्त होतात.

आमच्या शीटमध्ये क्वालिटीला ४०, वेळेवर डिलिव्हरीला ३० आणि दराला ३० गुण होते. ८५ च्या वर गेला तो ए ग्रेड. ए ग्रेडवाल्याचा माल आला की तपासणी थोडक्यात, नवी ऑर्डर आधी त्याला, पेमेंटही लवकर. दर तिमाहीला प्रत्येकाला त्याचे मार्क कळवायचे आणि ते कसे पडले तेही सांगायचं, अशी पद्धत होती. या गृहस्थाने ते फार मन लावून वाचलं.

तो आम्हाला टर्निंगचे जॉब मटेरियलसकट द्यायचा. वॉशर, स्पेसर असली किरकोळ कामं आणि त्यांच्या जोडीला ईएन८ या मध्यम कार्बनच्या स्टीलच्या पिना. या पिना पुढे इंडक्शन हार्डनिंगला, म्हणजे कॉइलमध्ये तापवून कडक करायला जायच्या, आणि बिंग फुटलं ते तिथेच. ड्रॉइंगवर कडकपणा ५० ते ५५ एचआरसी, आणि हार्डनिंगवाला फोनवर सांगत होता की पिना पस्तिशीच्या पुढे सरकतच नाहीत. पहिला संशय अर्थातच त्याच्या मशीनवर गेला. पण त्याने आमच्याच जुन्या लॉटची एक पिन त्याच कॉइलवर, त्याच सेटिंगला मारली आणि ती ५२ आली.

मग एक नवी पिन बेंच ग्राइंडरला लावली. ईएन८ ची ठिणगी निघताना वाटेत फुटते, तिला बारीक फाटे येतात. हिच्या ठिणग्या लांबलचक, सरळ, फाटे अगदी तुरळक. शेजारी जुनी पिन धरली तर फरक नवख्या पोरालाही दिसावा. लॅबमध्ये कार्बन ०.१९ टक्के निघाला. ईएन८ मध्ये तो ०.३५ ते ०.४५ च्या दरम्यान हवा. म्हणजे हे साधं माइल्ड स्टील, आणि एवढ्या कार्बनवर ५० चा कडकपणा कुणाच्या बापाला आणता येत नाही. लॉटसोबत आलेल्या टेस्ट सर्टिफिकेटवर मात्र कार्बन ०.४१ होता. फाइल उघडून आधीची सर्टिफिकेटं काढली. एकाच हीट नंबरचा, म्हणजे एकाच भट्टीच्या ओतणीचा माल पुन्हा पुन्हा येऊ शकतो, त्यात गैर काही नाही. पण इथे सर्टिफिकेटचा नंबरही तोच होता, फक्त तारीख बदललेली.

खरा धक्का बसला तो यानंतर, त्याचे मार्क पुन्हा मोजताना. शेवटच्या तिमाहीत त्याच्या दहा ऑर्डरी होत्या आणि शीट सांगत होती ९७ गुण: क्वालिटीचे ४० पैकी ४०, दराचे ३० पैकी ३०, डिलिव्हरीचे २७. आम्ही शीट बाजूला ठेवली आणि गेटचं रजिस्टर, त्याची चलानं आणि मूळ पीओ, म्हणजे आमच्या लेखी ऑर्डरी, समोर घेऊन बसलो.

डिलिव्हरीत दहापैकी नऊ वेळेवर दिसत होत्या. रजिस्टरमध्ये दिसलं की तो ठरल्या दिवशी थोडे नग पाठवायचा, उरलेले पुढच्या आठवड्यात. शीट पहिल्या चलानाची तारीख धरायची. काही वेळा तो दोन दिवस आधी फोन करायचा, "साहेब, पीओवर तारीख तेवढी पुढची टाकून घ्या, प्लेटिंगवाला अडलाय." तारीख बदलली की उशीर गायब. मूळ तारखेला पूर्ण माल आला असा हिशेब धरला तर दहापैकी चारच ऑर्डरी टिकल्या. २७ चे १२ झाले.

क्वालिटीची युक्ती याहून गोड होती. तपासणीत गेजला न बसणारे नग सापडले की तो स्वतः टेम्पो घेऊन हजर. "रिजेक्शन नोट कशाला फाडता? संध्याकाळपर्यंत बदलून देतो." आणि खरंच द्यायचा. स्टोअरवाल्याला तो भला माणूस वाटायचा. पण नोट नाही म्हणजे शीटमध्ये रिजेक्शन शून्य. सिक्युरिटीच्या वहीत परत गेलेल्या मालाची नोंद होती, त्यावरून तीन लॉटमध्ये नग बदलल्याचं कळलं. ४० चे २८ झाले.

दर खरंच सगळ्यांत कमी होता. का कमी होता ते आता कळलंच. त्याचा दर १०० धरला तर दुसऱ्याचा १०६. पण जादा तपासणी, वाया गेलेलं हार्डनिंग आणि थांबलेली असेंब्ली मिळवली की हाच माल ११४ ला पडला, तर दुसऱ्याचा १०६ लाच. ३० चे २८ झाले. एकूण ६८. पुरवठादार तोच, तिमाही तीच, फक्त कागद वेगळे.

यात भर घातली ती आमच्या सरासरीने. मार्क सुरुवातीपासूनच्या सगळ्या तिमाहींचे धरले जायचे. समजा सात तिमाही ९५ मिळाले आणि आठवीत ६०. सरासरी ९०.६. नवव्या तिमाहीत ५५ झाले तरी ८६.७, म्हणजे अजून ए ग्रेडच. सुरुवातीला चोख माल देऊन ठेवायचा आणि नंतर त्या पुण्याईवर माल खपवायचा, याला अशी सरासरी फार सोयीची. शिवाय पन्नास वॉशरची ऑर्डर आणि पाचशे पिनांची ऑर्डर शीटमध्ये एकसारखीच मोजली जायची. मार्क त्याने वॉशरवर कमावले आणि खाल्ले पिनांवर.

आता चालू तिमाहीला ५० टक्के, आधीच्या तिमाहीला ३० आणि त्याआधीच्या तिमाहीला २० टक्के वजन आहे. वरच्याच आकड्यांवर आठव्या तिमाहीत ७७.५ येतात, नवव्यात ६४.५. ग्रेड तिथल्या तिथे उतरते. डिलिव्हरी पहिल्या पीओच्या तारखेशी आणि पूर्ण संख्येशी मोजतो. आमच्याच कारणाने तारीख हलली तर तेवढीच सूट. गेटबाहेर परत गेलेला प्रत्येक नग, नोट असो वा नसो, रिजेक्शन. क्वालिटीत ४० पैकी ३२ च्या खाली गेलेल्याला दर कितीही कमी असला तरी ए ग्रेड नाही. आणि कडक करायच्या मटेरियलच्या प्रत्येक लॉटमधला एक नग ठिणगी बघायला ग्राइंडरवर जातो, ग्रेड कोणतीही असो. ठिणगी म्हणजे लॅब नव्हे, ०.३८ आणि ०.४२ मधला फरक ती सांगणार नाही. पण ईएन८ च्या जागी माइल्ड स्टील आलं तर लपत नाही.

डेबिट नोट पाठवली तेव्हा त्याचं उत्तर आलं, सोबत आमचंच तिमाही स्कोअरकार्ड जोडून: "तुमच्याच रेकॉर्डप्रमाणे आमची क्वालिटी शंभर टक्के आहे." हार्डनिंगचं बिल अजून आमच्याच खात्यावर आहे.