परदेशातून घरी पैसे पगाराच्या दिवशीच पाठवावे, की युरोचा दर वाढेपर्यंत थांबावे?

जर्मनीत नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्यापुढे दरमहा हाच पेच असतो, कारण नाशिकला गंगापूर रोडवरील फ्लॅटचे कर्ज तोच फेडतो. समजा, पगाराच्या दिवशी युरोमागे ९८ रुपये मिळतात. २,००० युरो लगेच पाठवल्यास १,९६,००० रुपये कर्जखात्यात जमा होतात. व्याज रोजच्या शिलकीवर साडेआठ टक्क्यांनी लागत असल्यास दहा दिवस थांबण्याची किंमत सुमारे ४५६ रुपये, म्हणजे युरोचा दर २३ पैशांनी वाढला तरच बरोबरी होते. तोच दर एक रुपयाने घसरला तर आणखी २,००० रुपये जातात. (दर बातम्यांतला नव्हे, शुल्क वजा जाता प्रत्यक्ष पदरात पडणारा धरावा.) कर्ज फेडणाऱ्याने पगाराच्या दिवशीच पाठवावे, ज्याला त्या पैशांची इकडे घाई नाही, त्याने खुशाल थांबावे.