स्क्रीनशॉटवरून कार्डं: चित्र झाकायचं की मजकूर उतरवायचा?

ऑनलाइन टेस्ट संपली की चुकलेल्या प्रश्नांचे स्क्रीनशॉट काढायचे आणि ते गॅलरीत तसेच पडू द्यायचे, हे राजारामपुरीतल्या आमच्या अभ्यासिकेत बहुतेक जण करतात. मीही करायचो. मग त्यांची अँकी या उजळणीच्या अ‍ॅपमध्ये प्रश्नोत्तरांची कार्डं करायला घेतली आणि दोन वाटा समोर आल्या. दोन्हींवर बरेच दिवस चाललोय, म्हणून लिहितोय.

पहिली वाट सोपी. अँकीत `Image Occlusion` आता आतच येतं. स्क्रीनशॉट टाकायचा, बरोबर उत्तरावर चौकोन ओढायचा, झालं कार्ड. वीस प्रश्नांना मला दहा-पंधरा मिनिटं पुरायची. दुसऱ्या वाटेत गूगल लेन्सने मजकूर उचलायचा, नीट करायचा, प्रश्न आणि उत्तर वेगळं करून आयात करायचं. त्याच वीस प्रश्नांना पाऊण तास सहज जायचा. वेळच बघायचा असेल तर इथेच थांबा, चित्राची वाट घ्या.

मला ती सोडावी लागली ती एका प्रश्नामुळे. ‘खालीलपैकी कोणती नदी पंचगंगेची उपनदी नाही?’ पर्याय कासारी, कुंभी, वेदगंगा, तुळशी. उत्तर वेदगंगा, तिसऱ्या जागी, हिरव्या पट्टीत. उत्तर झाकलं तरी बाकीचे तीन समोर होतेच. आठ-दहा वेळा हे कार्ड मी न चुकता ‘ओळखलं’. पुढच्या टेस्टला तोच प्रश्न आला, फक्त पर्यायांची जागा बदलली होती, आणि मी सरळ तिसऱ्यावर टिचकी मारली. तिथे कुंभी होती. म्हणजे इतके दिवस मी नदी नव्हे, स्क्रीनवरची जागा पाठ करत होतो. चारही पर्याय झाकून बघितले, पण मग ‘खालीलपैकी’ या शब्दाला अर्थच उरेना.

आता तोच प्रश्न मजकुराच्या वाटेने. इथे पर्याय कार्डावर घ्यायचेच नाहीत, त्यांच्यातून नवे प्रश्न काढायचे. नोटपॅडमध्ये मी एवढंच लिहितो:

```
#separator:Semicolon
#notetype:Basic
पंचगंगेच्या चार प्रमुख उपनद्या?;कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती
वेदगंगा कोणत्या नदीला मिळते?;दूधगंगा
राधानगरी धरण कोणत्या नदीवर?;भोगावती
```

अर्धविराम मुद्दाम ठेवलाय. स्वल्पविरामाने तोडलं तर पहिल्या ओळीतलं उत्तर ‘कासारी’पाशीच तुटतं. फाइल UTF-8 मध्ये जतन करा, नाहीतर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा भलतीच अक्षरं दिसतात. तिसरं कार्ड मूळ प्रश्नात नव्हतंच. उपनद्यांच्या यादीत भोगावती घालताना ते आठवलं, आणि हे असं आठवणं चित्रावर चौकोन ओढताना माझ्याबाबतीत तरी कधी झालं नाही.

लेन्सचे त्रास आहेतच, ते लपवत नाही. सगळ्यात मोठा म्हणजे रंग जातो. बरोबर उत्तर फक्त हिरव्या पट्टीने दाखवलेलं असेल तर उचललेल्या मजकुरात चार सारखे पर्याय उरतात आणि बरोबर कोणता ते कळत नाही. त्यामुळे उत्तर टाइप होईपर्यंत मूळ चित्र शेजारी उघडं ठेवा. पर्याय दोन-दोनच्या रांगेत असले तर वाचण्याचा क्रम कधी आडवा लागतो, कधी उभा. देवनागरी १ कधीकधी इंग्रजी 9 होऊन येतो, आणि सनावळीत हे दिसलं नाही तर चूकच पाठ होते. मी पूर्ण स्क्रीन देत नाही. वरची घड्याळ-बॅटरीची पट्टी आणि खालची बटणं कापून एकेक प्रश्न देतो, त्याने गोंधळ बराच कमी झाला.

माझ्या शेजारी बसणारा मित्र अजून चित्रांवरच आहे. ‘एवढं टाइप करत बसण्यापेक्षा मी तेवढ्यात दुसरी टेस्ट देतो की,’ असं त्याचं म्हणणं, आणि परीक्षा आठवड्यावर आली असेल तर ते बरोबरही असेल. तुमच्या टेस्टमध्ये पर्याय दरवेळी उलटसुलट होऊन येत असतील तर मात्र त्याच्या वाटेने जाताना जरा सांभाळून. एक दिवस त्याला कार्डाचे पर्याय हाताने झाकून विचारलं, तर आधी ‘दुसरा’ म्हणाला, नाव नंतर सांगितलं.

विधानांचे प्रश्न, ‘फक्त अ आणि ब बरोबर’ असले, ते तर मी मजकुरातच घेतो. प्रत्येक विधान सुटं करून, चूक असेल तर दुरुस्त करून, एकेका तथ्याचा प्रश्न करतो. चित्रात ठेवलेत ते फक्त नकाशे, कारण तिथे जागा हेच उत्तर असतं.