अर्धी मसाला पुडी आणि एक अंडं: सात महिन्यांच्या नोंदींनंतर

आठवड्यातून दोनदा, घरी यायला उशीर झाला की मी इन्स्टंट नूडल्सचं एक पाकीट करतो. मसाल्याची पुडी अर्धीच घालतो आणि वर एक अंडं फोडतो. याला आता सात महिने झाले. खाल्लेलं सगळं वजन करून लिहायची मला सवय आहे, त्यामुळे या एका वाटीचे आकडे पुन्हा पुन्हा तपासले गेले आणि सुरुवातीला मी ते चुकीचे लिहीत होतो हेही त्यातूनच कळलं. हीच वाटी तुम्हीही करत असाल तर आकडे नेमके कुठे हलतात आणि कुठे जागचे हलत नाहीत, ते इथे सविस्तर लिहितो.

आधी माझी चूक. कॅलरी मोजायच्या एका ॲपमध्ये कुणीतरी 'नूडल्स, अर्धा मसाला' अशी नोंद करून ठेवली होती. मी तीच निवडली, खाली एक अंडं जोडलं आणि बेरीज आली सव्वादोनशे कॅलरीच्या आसपास. तीन आठवडे मी तेच लिहीत राहिलो. एके दिवशी ताई माझी वही चाळत होती. तिने विचारलं, "पुडी अर्धी टाकलीस, पण नूडल्स तर सगळ्या खाल्ल्यास ना? मग प्रोटीन तीन ग्रॅम कसं?" नोंद करणाऱ्याने मसाल्याबरोबर अख्खं पाकीटच अर्धं करून टाकलं होतं आणि ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मग मी वजनकाटा काढला. माझ्याकडचं पाकीट ७० ग्रॅमचं. त्यातली मसाल्याची पुडी ६ ग्रॅम, उरलेली ६४ ग्रॅम नूडल्सची वडी. म्हणजे पाकिटातल्या प्रत्येक दहा ग्रॅममागे मसाला एका ग्रॅमहूनही कमी. पाकिटामागच्या तक्त्यात १०० ग्रॅमला ४३७ कॅलरी, ९ ग्रॅम प्रोटीन, ६२ ग्रॅम कार्ब्स, १७ ग्रॅम फॅट आणि १२०० मिलिग्रॅम सोडियम असं छापलेलं होतं. ७० ग्रॅमचा हिशोब केला की अख्ख्या पाकिटाचे होतात ३०६ कॅलरी, ६.३ ग्रॅम प्रोटीन, ४३.४ ग्रॅम कार्ब्स, ११.९ ग्रॅम फॅट आणि ८४० मिलिग्रॅम सोडियम. तुमच्या पाकिटाचे आकडे थोडे वेगळे असतील, पण हिशोबाची पद्धत हीच.

आता अर्धी पुडी बाजूला ठेवली म्हणजे तीन ग्रॅम मसाला कमी झाला. त्या तीन ग्रॅममध्ये किती कॅलरी असतील? पुडीचे आकडे तक्त्यात वेगळे दिलेले नव्हते, म्हणून मी सगळ्यात टोकाची शक्यता धरली. तो मसाला नसून निव्वळ साखर आहे असं मानलं तरी तीन ग्रॅमचे बारा कॅलरी होतात. प्रत्यक्षात त्यात बराच भाग मीठ असतो आणि मिठाला कॅलरी नाहीत. उरलेल्यात सुके मसाले, कांदा-लसणाची पूड, थोडी साखर, थोडा स्टार्च. मी आठ कॅलरी आणि दोन ग्रॅम कार्ब्स वजा धरतो. पावडरच्या मसाल्याने मॅक्रो हलतात ते इतकेच. तुम्ही हे वजा केलंच नाही तरी काही बिघडत नाही.

कॅलरी सगळ्या वडीत असतात, आणि त्याचं कारण वडी बनते कशी यात आहे. मैद्याच्या नूडल्स आधी वाफवतात आणि मग तेलात तळून त्यातलं पाणी उडवतात. पाणी गेलं की तिथे बारीक छिद्रं राहतात आणि त्यात तेल शिरतं. म्हणून तर त्या गरम पाण्यात दोन-तीन मिनिटांत मऊ होतात. हे तेल बहुतेक वेळा पाम तेल असतं आणि ते वडीच्या आत बसलेलं असतं, मसाल्यात नाही. फॅट कमी करायचं असेल तर पुडीला हात लावून उपयोग नाही, न तळलेल्या, हवेवर वाळवलेल्या नूडल्स शोधाव्या लागतात. त्या पाकिटावर 'एअर ड्राइड' किंवा 'नॉन फ्राइड' असं लिहिलेलं असतं आणि तक्त्यात फॅट बघितलं की फरक लगेच दिसतो.

मग अर्धी पुडी घालायचीच कशाला? सोडियमसाठी. माझ्या घरी रक्तदाबाचा त्रास आहे, त्यामुळे हा मुद्दा मला सगळ्यात जवळचा वाटतो. पण इथेही 'अर्धी पुडी म्हणजे अर्धं सोडियम' हे खरं नाही. पीठ मळतानाच त्यात मीठ घातलेलं असतं, आणि काही नूडल्समध्ये सोडियम कार्बोनेटसारखे क्षारही असतात. खात्री करायला मी एकदा नुसती वडी उकळून, मसाल्याचा कणही न घालता खाल्ली. खारटपणा स्पष्ट लागला. वडीत १ टक्का मीठ धरलं तर ६४ ग्रॅममध्ये साधारण २५० मिलिग्रॅम सोडियम होतं. हा माझा अंदाज आहे, छापलेला आकडा नाही. त्या अंदाजाने पुडीत उरतं ५९०, त्याचं अर्धं २९५, आणि वडीचं मिळवून ५४५. अंड्याचे साधारण ७० धरले की वाटी जाते ६१५ वर. पूर्ण पुडी घातली असती तर अंड्यासकट ९१० झाले असते. ९१० वरून ६१५. घट चांगली आहे, पण अर्धी नव्हे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम सुचवते, म्हणजे ही एक वाटी त्या मर्यादेचा जवळजवळ तिसरा हिस्सा खाते. डॉक्टरांनी सोडियमची कडक मर्यादा घालून दिली असेल तर माझ्या अंदाजावर विसंबू नका, तक्त्यातला अख्खा आकडाच धरा.

पुडी अर्धी करण्यातही एक खोच आहे. पहिले काही दिवस मी कोपरा फाडून अंदाजाने निम्मी ओतायचो. एका दिवशी वाटी खारट व्हायची, दुसऱ्या दिवशी नुसता वास. एकदा पुडी बशीत रिकामी करून नीट बघितली, तेव्हा मिठाचे चकचकीत खडे एका बाजूला आणि हळदीसारखी हलकी पूड दुसऱ्या बाजूला दिसली. पुडी खोक्यात हलत-डुलत येते तेव्हा जड आणि हलके कण वेगळे होतात. आता मी फाडण्याआधी पुडी आडवी धरून दहा-बारा वेळा उलटसुलट हलवतो, मग सगळी बशीत ओततो, चमच्याने एकजीव करतो आणि मधोमध रेघ मारून दोन भाग करतो. एक ग्रॅमच्या टप्प्याने वाचणारा साधा काटा तीन ग्रॅमला भरवशाचा नाही, त्यापेक्षा रेघ बरी. उरलेला भाग घट्ट झाकणाच्या छोट्या डबीत ठेवतो. हवा लागली की तासाभरात गोळा होऊ लागतो.

चवीचं काय, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. उत्तर पाण्यात आहे. पूर्ण पुडीला पाकिटावर सांगितलेलं पाणी घ्यायचं आणि अर्ध्या पुडीलाही तेवढंच घ्यायचं, तर रस्सा पाणचट लागणारच. मी पाणी तिसऱ्या हिश्शाने कमी करतो. शेवटी थोडं लिंबू आणि ताजी मिरपूड घालतो. लिंबाने मीठ कमी असल्याचं जाणवत नाही. पहिले दहा-बारा दिवस तरीही फिकं लागलं, हे कबूल करायला हवं. त्यानंतर पूर्ण पुडीची वाटीच जास्त खारट वाटायला लागली.

आता अंडं. कवच सोडून ५० ग्रॅमचं अंडं धरलं तर साधारण ७२ कॅलरी, ६.३ ग्रॅम प्रोटीन, ४.८ ग्रॅम फॅट, कार्ब्स नगण्य. वाटीचा एकूण हिशोब असा होतो: ३७० कॅलरी, साडेबारा ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, ४२ ग्रॅम कार्ब्स, पावणेसतरा ग्रॅम फॅट. माझी जुनी नोंद कॅलरी १४५ ने आणि प्रोटीन तीन ग्रॅमने कमी दाखवत होती, दोन्हीकडून चुकीची.

अंड्याने प्रोटीन दुप्पट होतं, हे खरंच मोलाचं आहे. शिवाय गव्हाच्या प्रोटीनमध्ये लायसीन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असतं आणि अंड्यात ते भरपूर असतं, म्हणून ही जोडी नुसत्या बेरजेपेक्षा चांगली ठरते. पण ही 'हाय प्रोटीन' वाटी नाही. एकूण कॅलरींपैकी प्रोटीनमधून येतात सुमारे १४ टक्के, फॅटमधून ४०. अंडंही स्वतःचं फॅट घेऊन येतं, ते वडीच्या तेलात मिळतं. व्यायामाच्या दिवशी मी एक अख्खं अंडं आणि वर एक नुसतं पांढरं घालतो. त्याने प्रोटीन सोळा ग्रॅमवर जातं आणि कॅलरी फक्त सतराने वाढतात. दुसरं अख्खं अंडं घातलं तर कॅलरी बहात्तरने वाढतात. निवड तुमच्या दिवसाच्या हिशोबावर.

अंडं घालायची पद्धत आकडे बदलत नाही, पण वाटी बदलते. उकळत्या पाण्यात थेट फोडलं की पांढऱ्याचे तंतू सुटतात, फेस येतो आणि बराचसा भाग भांड्याला चिकटून राहतो. मी ते वाटीत फेटून घेतो, नूडल्स शिजत आल्या की आच मंद करतो, बारीक धार सोडतो आणि दहा सेकंद हलवत नाही. मग एकदाच गोल फिरवतो आणि झाकण ठेवून मिनिटभर शिजवतो, म्हणजे कच्चं राहत नाही. रस्सा दाटसर होतो आणि अर्ध्या मसाल्याची उणीव तिथेही भरून निघते.

दोन ठिकाणी मात्र वरचा हिशोब तसाच लावू नका. एक, काही पाकिटांवर तक्ता 'तयार केल्यावर, प्रति १०० ग्रॅम' असा असतो. त्यात पाण्याचं वजन मिसळलेलं असल्याने आकडे फारच छोटे दिसतात. कोरड्या नूडल्सचा तक्ता १०० ग्रॅमला चारशे कॅलरींच्या पुढेमागे असायला हवा. शे-दीडशे दिसले तर तो शिजवलेल्या वाटीचा तक्ता आहे. दोन, काही पाकिटांत पावडरबरोबर तेलाची वेगळी पुडीही असते. ती पाच ग्रॅमची असेल तर तिच्यात ४५ कॅलरी असतात, सगळ्या फॅटच्या. अशा पाकिटात मी पावडर अर्धी घालतो आणि तेलाची पुडी फोडतच नाही, कारण तिथे पुडी सोडल्याने फॅट खरोखर कमी होतं. वहीतही ती वाटी मी वेगळ्या नावाने लिहितो.