भांडवल खात्याचा फोटो: व्याज आरंभीच्या शिल्लकेवरून काढावे की अखेरच्या?

वहीच्या पानाचा फोटो समोर आहे. अनिल आणि सुनीता हे समान वाट्याचे भागीदार, करारात भांडवलावर १० टक्के व्याज ठरलेले. नफा वाटून झाला, पण व्याज लावायचे राहिले. अखेरची शिल्लक अनिलची ५,३०,००० आणि सुनीताची २,९४,०००. ती नावे बाजूला दिसते म्हणून भागीदाराकडून येणे समजू नका. दोन्ही बाजूंची बेरीज जुळवायला ती तिथे लिहितात.

अखेरच्या शिल्लकेवर थेट १० टक्के लावले, तर अनिलचे व्याज ५३,००० येते. ते चूक, कारण त्या शिल्लकेत वर्षअखेरीचा नफा मिसळला आहे.

फोटोत आरंभीच्या शिल्लकेची वरची ओळ शाबूत असेल, तर मी पुढच्या दिशेनेच जाईन. अनिलचे आरंभीचे ४,००,००० वर्षभर होते, त्यावर ४०,०००. १ ऑक्टोबरला आणलेल्या १,००,००० वर सहा महिन्यांचे ५,०००. एकूण ४५,०००. सुनीताच्या ३,००,००० वर ३०,०००. १ जानेवारीला तिने भांडवलातून ६०,००० काढले, म्हणून तीन महिन्यांचे १,५०० वजा, उरले २८,५००. तिची ३६,००० ची उचल मात्र नफ्यापोटीची, करारात वेगळे नसेल तर ती या हिशेबात धरत नाहीत. एकाच नावे बाजूच्या दोन रकमा, पण वागणूक वेगळी. तपशिलाचा रकाना नीट वाचल्याशिवाय हे कळत नाही.

वरची ओळ कापली गेली असेल, तर उलटे जावे लागते. अनिलच्या ५,३०,००० मध्ये उचल ६०,००० मिळवा, नफा ९०,००० आणि नवे भांडवल १,००,००० वजा करा, ४,००,००० मिळतात. सुनीताचेही तसेच, फक्त काढलेले भांडवलही परत मिळवायचे. पद्धत चांगली, पण उचलीचा एक आकडा चुकीचा वाचला तर आरंभीची शिल्लकही मुकाट्याने चुकते. पुढच्या दिशेने गेलात, तर तीच चूक छापलेल्या अखेरच्या शिल्लकेशी न जुळून उघडी पडते. उलट्या वाटेला आधार एकच: खालची बेरीज दिसत असेल, तर अनिलच्या जमा बाजूच्या एकूण ५,९०,००० मधून बाकीच्या जमा नोंदी वजा करून तोच आकडा येतो का, ते पाहा.

तारखेची चूक मात्र दोन्ही वाटांनी निसटते. '१/१०' चे पुसट शून्य हरवून '१/१' वाचले, तर अनिलचे ५,००० चे २,५०० होतात आणि बेरीज तरी जुळतेच. शंका आली तर आधीची-नंतरची नोंद बघा, तारखा क्रमाने असतात.

अखेर व्याजाचे ७३,५०० नफ्यातूनच जाणार, म्हणजे प्रत्येकाचा नफा ३६,७५० ने घटेल. अनिलला ८,२५० जमा, सुनीताला तेवढेच नावे. शिल्लक ५,३८,२५० आणि २,८५,७५०. बेरीज आधीचीच, ८,२४,०००.