नावाखालची ओळ: कंपनीने दिलेलं पद की प्रत्यक्षातलं काम?

रेझ्युमेवर नावाखाली जी एक ओळ असते, तिच्यात भूमिका, अनुभवाची वर्षं आणि खास क्षेत्र अशा तीन गोष्टी येतात. एकाच व्यक्तीची ही ओळ दोन तऱ्हांनी लिहून शेजारी ठेवली की फरक कळतो.

समजा, एकीने 2 वर्षं ग्राहक सेवेत काम केलं, मग 5 वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं आणि त्यातली शेवटची 3 पेमेंट सिस्टिमवर. नेमणूकपत्रावर तिचं पद आहे ‘सीनियर असोसिएट’.

पहिली ओळ: सीनियर असोसिएट | 7 वर्षं अनुभव | टेस्टिंग, ऑटोमेशन, एपीआय, एजाइल, ग्राहक सेवा

दुसरी ओळ: सॉफ्टवेअर टेस्ट इंजिनिअर | टेस्टिंगमध्ये 5 वर्षं | पेमेंट सिस्टिमचं ऑटोमेशन टेस्टिंग

पहिल्या ओळीच्या बाजूने एक गोष्ट आहे: तिच्यावर कोणी बोट ठेवू शकत नाही, कारण पद कागदाशी जुळतं. पण ‘सीनियर असोसिएट’ ही कंपनीच्या आतली पायरी आहे. बँकेतही सीनियर असोसिएट असतो आणि सल्लागार कंपनीतही. भरती करणारा माणूस रेझ्युमेच्या साठ्यात शोधताना जाहिरातीतलं पदनाम टाकतो, आणि तो शब्द या ओळीत नाहीच.

मग दुसऱ्या ओळीतलं पदनाम खोटं ठरतं का? माझ्या मते नाही, कारण ते कामाचं वर्णन आहे. मात्र अनुभवाच्या भागात कंपनीने दिलेलं पद जसंच्या तसं राहिलं पाहिजे, कारण पार्श्वभूमी तपासणीत तेच पडताळलं जातं. तिथे ‘सीनियर असोसिएट (सॉफ्टवेअर टेस्टिंग)’ असं लिहिलं की वरची ओळ आणि खालची नोंद एकमेकींना धरून राहतात. कामाचं नाव बदलायला हरकत नाही, दर्जा वाढवायला आहे. हाताखाली कोणी नसताना ‘टेस्ट लीड’ लिहिलं, तर जुन्या वरिष्ठांना एक फोन गेला की उघडं पडतं. आणि परवाना लागणाऱ्या पेशांत, म्हणजे डॉक्टर, वकील, चार्टर्ड अकाउंटंट वगैरे, ही मोकळीक मुळीच नाही. तिथे पदनाम नोंदणीवरून ठरतं.

वर्षांच्या आकड्यात लोक जास्त फसतात. 7 हा आकडा खरा आहे, पण वाचणारा खालच्या तारखांची मनातल्या मनात बेरीज करतो आणि टेस्टिंगची 5च भरतात. तिथून पुढे तो बाकीच्या दाव्यांकडेही संशयाने बघायला लागतो. तो फसला तरी फायदा नाही. मुलाखतीतले प्रश्न 7 वर्षांच्या टेस्टरला विचारायचे असतात तसे येतात. म्हणून ‘टेस्टिंगमध्ये 5 वर्षं’ हेच बरं, आधीची 2 वर्षं अनुभवाच्या भागात दिसतातच. 5 वर्षं 2 महिने झाले असतील तर ‘5+’ चालेल, 4 वर्षं 10 महिन्यांना चालणार नाही. नोकरी आणि फ्रीलान्स एकाच काळात केलं असेल तर तो काळ एकदाच मोजावा.

आकडा गाळणं हा तिसरा मार्ग. अनुभव वर्षभराचाच असेल तर तो वर मिरवण्यात काही हशील नाही. उलट टोकाला, 20 वर्षं लिहिली की काही जण वय आणि पगाराचा अंदाज आधी बांधतात. तिथे भूमिका आणि क्षेत्र एवढंच पुरतं. जाहिरातीत किमान वर्षं स्पष्ट मागितली असतील आणि तुमची ती भरत असतील, तर मात्र आकडा ठेवा.

खास क्षेत्रात पहिल्या ओळीने पाच गोष्टी कोंबल्या आहेत. ती कौशल्यांची यादी झाली, तिची जागा खाली. दुसरी ओळ एकच गोष्ट सांगते आणि त्याची किंमतही मोजते: आरोग्यक्षेत्रातल्या सॉफ्टवेअरसाठी अर्ज केला तर ‘पेमेंट’ शब्द आड येतो. अशा वेळी फक्त तिसरा तुकडा बदलून ‘एपीआय ऑटोमेशन टेस्टिंग’ करायचा, पहिले दोन तसेच. जे लिहाल ते सध्याच्या नोकरीखालच्या पहिल्या दोन-तीन मुद्द्यांत दिसतंय का, ते ताडून बघा. दिसत नसेल तर तो तुमचा आवडीचा विषय असेल, खास क्षेत्र नव्हे.

मांडणीबद्दल थोडंच. ओळ नावाच्या खाली स्वतंत्र ठेवा आणि वर्डच्या हेडरमध्ये टाकू नका, कारण रेझ्युमे वाचणारी काही सॉफ्टवेअरं हेडरमधला मजकूर सोडून देतात. फाइल दुसऱ्यांदा वापरताना वर्षांचा आकडा शिळा झालेला नाही ना, तेही बघा.

पहिल्या ओळीतलं पदनाम मी एकाच ठिकाणी सुचवेन: त्याच कंपनीत दुसऱ्या विभागात बदली मागताना. तिथे ‘सीनियर असोसिएट’ म्हणजे कोणती पायरी हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि ती पायरीच आधी बघितली जाते. तिथेही वर्षं आणि खास क्षेत्र दुसऱ्या ओळीतलंच घ्यावं.