साताऱ्यातून पूर्ण वेळ, की दोन दिवस पुण्यात?

भाच्याने साहेबांना द्यायच्या पत्राचे दोन मसुदे पाठवले. एकात पूर्ण वेळ साताऱ्यातून काम, दुसऱ्यात मंगळवार-बुधवार पुण्याच्या ऑफिसात.

खर्चाचं आधी. पुण्यातली खोली 9,000, रोजच्या जाण्यायेण्याचं पेट्रोल 2,500. पहिल्या मसुद्यात हे 11,500 वाचतात. दुसऱ्यात महिन्याला चार फेऱ्या, एका बाजूने साधारण 110 किलोमीटर, वर एका रात्रीचा मुक्काम. फेरीला 1,200 धरले तर बचत 6,700 उरते. जुन्या करप्रणालीत असाल तर भाडं थांबताच घरभाडे भत्त्यावरची करसवलतही थांबते, हे तो विसरलाच होता!

मंजुरीचं गणित वेगळं. साहेबाला तुमच्या भाड्याशी देणंघेणं नसतं. लाइट गेली तर मीटिंगचं काय, हे त्याला हवं असतं. म्हणून पहिल्या पत्रात इन्व्हर्टर, दुसरं इंटरनेट कनेक्शन, कामाच्या वेळा आणि तीन महिन्यांची चाचणी लिहावीच लागते. दुसऱ्याला एवढी वकिली लागत नाही.

दगदग मात्र दुसऱ्यातच. खंबाटकी घाटात ट्रॅफिक तुंबलं की विचारू नका.

काम एकट्याचं, मोजता येणारं असेल तर पहिलं पत्र द्या. नवी नोकरी किंवा टीम सांभाळायची असेल तर दुसरं. भाच्याला नोकरीत आठच महिने झालेत, त्याने दुसरं दिलं.